चौथा रकाना

मेढ्याच्या गुरांच्या दवाखान्यात डॉ. बाहुबली मगदूम एकटाच राहायचा. बायको प्रभावती सांगलीला शाळेत शिकवायची, आणि मेढ्याला बदली करून घ्यायचं नाव काढलं की ती भाजीत मीठ कमी पडल्याचा विषय काढायची. त्यामुळे डॉक्टर दवाखान्यामागच्या खोलीत स्टोव्ह पेटवायचा, खिचडी करायचा आणि तीच संध्याकाळी पुन्हा गरम करायचा. एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या त्या उन्हाळ्यात त्याच्याशी सलग दहा मिनिटं बोलेल असं मेढ्यात कुणी नव्हतं. जोतिबा शिपाई होता, पण त्याला बोलायला लावायचं म्हणजे आजारी बैलाला पेंड चारण्यातलं काम.

वरच्या कार्यालयानं एक काम दिलं होतं. खेडोपाडी प्रथमोपचार करणाऱ्यांच्या शिबिरासाठी इंग्रजी विकृतिशास्त्राच्या पुस्तकातलं एक लांबलचक प्रकरण आटवून मराठीत तक्ता करायचा. रोग, आणि पुढं चार रकाने: कारण, लक्षणं, निदान, उपचार. डॉक्टर खूश झाला. एकट्या माणसाला असलं काम आवडतं. रेघा मारायच्या, अक्षर बारीक काढायचं, कुणाशी बोलावं लागत नाही. कारणांप्रमाणे त्यानं रोगांच्या वाटण्या केल्या. जंतूंचे एकीकडे, विषाणूंचे त्याखाली, विषबाधा दुसऱ्या कागदावर, आणि घशात काही अडकणं वगैरे इजा अगदी शेवटी. पिसाळ रोग विषाणूंत आला. लक्षणं: लाळ, घोगरं हंबरणं, मागचा भाग लुळा. निदान: मेल्यावर मेंदूची तपासणी. चौथ्या रकान्यात त्यानं लिहिलं, 'नाही'. एवढा छोटा शब्द एवढ्या मोठ्या घरात बसवताना त्याला जरा चैन पडली नाही, पण पुस्तकात तेच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बनुबाई दारात उभी. डोंगराकडेच्या वस्तीवर एकटी राहणारी म्हातारी. नवरा गेलेला, मुलगा फौजेत, सून त्याच्याबरोबर जबलपूरला. तिच्या घरात बोलायला फक्त भुरी म्हैस.

"आवं डाक्टर, भुरीच्या घशात आंब्याची कोय आडाकलीया. लाळ गळाय लागलीया लय. म्या हात घालून बघितला, न्हाई गावली."

डॉक्टर गेला. म्हैस मान पुढं काढून उभी, तोंडातून लाळेच्या तारा, पाणी पुढं केलं तरी गिळता येईना. कालच लिहिलेलं त्याच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं: घशात अडकणं, लाळ, मान ताणलेली, उपचार, हातानं काढणं. दवाखान्यातला एकुलता एक लांब हातमोजा फाटलेला होता. त्यानं बाही वर केली आणि हात आत घातला.

जबडा सैल होता. म्हशीनं ना दात आवळले, ना जीभ मागं ओढली. जीभ त्याच्या हाताला थंडगार चिकटून राहिली. कोय नव्हती. तेवढ्यात त्याचं लक्ष तिच्या कुशीकडं गेलं. घसा बंद झाला असता तर ढेकर कोंडून पोट फुगलं असतं. हिची कूस आत गेलेली होती. आणि मग ती हंबरली, फाटक्या, घोगऱ्या आवाजात. डॉक्टरनं हात ओढून घेतला. बोटाला ब्लेडचा कालचा काप होता.

"बनुबाई, हिला कधी काही चावलं होतं?"

"चावलं कसलं, दोन म्हयन्यामागं कोल्हं आलं व्हतं गोठ्यात. नाकाडाला वरखडा व्हता, म्या हळद भरली." तिनं स्वतःचे हात पुढं केले. गवत कापून कापून ते हात ओरखड्यांनी भरलेले.

घशात अडकणं आणि पिसाळ, तक्त्यात या दोन रोगांमध्ये चार कागदांचं अंतर होतं. गोठ्यात ते एकाच तोंडात शेजारी शेजारी होते.

भुरी तिसऱ्या दिवशी आडवी झाली आणि गेली. डॉक्टरनं दवाखान्यातले जाड पण आखूड हातमोजे चढवून मेंदूचा तुकडा ग्लिसरीनमध्ये घालून पुण्याला पाठवला, म्हैस खोल खड्ड्यात चुना टाकून पुरून घेतली. पण अहवालाची वाट बघत बसायचं नव्हतं. हात घातला त्या दिवशीच त्यानं बनुबाईला सांगितलं होतं: माणसाला पिसाळ होऊ नये म्हणून साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात रोज एक, पोटात चौदा सुया, उद्यापासून. ती आली नाही. म्हैस गेल्यावरही आली नाही. तोवर डॉक्टर एकटाच एस्टीनं जाऊन स्वतःला सुया टोचून घेऊन येत होता.

शेवटी तो वस्तीवर गेला. ती रिकाम्या गोठ्यात दावं हातात धरून बसली होती.

"तिला औषीद न्हवतं म्हणालात न्हवं? मग मला कशापायी?"

"तिला नव्हतं. तुम्हाला आहे. दिवस गेले की तुम्हालाही उरणार नाही."

"मला ठिवून कुणाचं काय आडलंय?" ती रागानं बोलली नाही. हिशेब केल्यासारखी बोलली.

डॉक्टरला विषाणू सांगता आला असता, मज्जातंतूंमधून तो कसा मेंदूकडं चढतो ते सांगता आलं असतं. त्यातलं काही तोंडातून निघेना. निघालं ते भलतंच.

"मी पण हात घातला होता. रोज एकटा जातो. बसमध्ये पाणी प्यायलो आणि घसा जरा अडखळला की वाटतं, झालं. मला भीती वाटते हो."

बनुबाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "इवढं शिकल्याला माणूस, आन भ्या वाटतंया?"

"वाटते."

ती उठली. दावं खुंटीला अडकवलं. "बायकू न्हाई व्हय जवळ?"

"सांगलीला असते. तिला कळवलं नाही."

"लय शाना हायस," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्याला अरेतुरे केलं. "उद्या ईन म्या. तुज्यासाठी."

मग रोज सकाळी ती फडक्यात भाकरी बांधून स्टँडवर यायची. सुई घेताना डॉक्टर डोळे मिटायचा आणि ती त्याला हसायची. परतीच्या बसमध्ये पोट धरून दोघं भाकरी खायचे. पुण्याहून अहवाल आला: पिसाळच. त्या दिवशी तिनं त्याला बळंच चौथी भाकरी खायला लावली. त्याच्या सुया आधी संपल्या, तरी तिच्या संपेपर्यंत तो बसमध्ये तिच्या शेजारी बसत राहिला. तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

तिची शेवटची सुई झाली, दोघंही धडधाकट होते. दुसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्याच्या बसनं तक्ता वर पाठवायला डॉक्टर स्टँडवर गेला. बाकड्यावर बनुबाई बसली होती, मांडीवर भाकरीचं फडकं.

"आज कुठं?"

"कुटंबी न्हाई." ती ओशाळली. "पाय आलं तशीच आलू."

बस आली, भरली, गेली. पाकीट डॉक्टरच्या हातातच राहिलं. मग त्यानं ते फाडलं, कागद गुडघ्यावर पसरले आणि एका कोऱ्या पानावर नवीन रेघा मारल्या. या खेपेला पहिला रकाना लक्षणांचा. त्यानं वर लिहिलं, 'लाळ गळते', आणि त्याखाली दोन्ही रोग शेजारी शेजारी, मधे ठळक अक्षरात: 'कूस बघा. पिसाळ नाही अशी खात्री झाल्याखेरीज तोंडात हात घालू नका.' चौथ्या रकान्यात जुन्या कागदावरचा 'नाही' गाळून त्यानं लिहिलं, 'जनावराला नाही. हात लागलेल्या माणसाला आहे. लगेच न्यावं, सोबत जावं.'

"बनुबाई, लाळ गळायच्या आधी भुरीला काय झालं होतं? अगदी पहिल्यांदा?"

तिनं मांडीवरचं फडकं सारखं केलं.

"पैल्यांदा व्हय? म्या रोज दारातनं हाक मारायची, आन ती मान वळवायची. त्या दिशी न्हाई वळीवली. म्या म्हनलं, रुसली आसंल." तिनं पदर तोंडाला लावला. "कोय न्हाई काय न्हाई. तवाच गेली ती माज्यापास्नं."

पुस्तकात हे नव्हतं. डॉक्टरनं लक्षणांत सगळ्यात वर लिहिलं: 'रोजच्या हाकेला मान वळवत नाही.'

"लिवलंस?"

"लिहिलं."

"मग भाकरी खा आता," बनुबाई म्हणाली, आणि फडकं सोडलं. आत दोघांची भाकरी होती.