सैतानाने घेतलेलं सोंग

मे महिना संपत आला असताना लिंडेनाख गावावर थंडीचा असा कडाका पडला की एका पहाटेत द्राक्षवेलींचे कोवळे कोंब काळे ठिक्कर झाले. राय धान्याचं पीकही गेलं. देवाने शिक्षा केली म्हणावं, तर पाप आपल्या पदरी येतं. चेटकिणींनी केलं म्हटलं, की तेच पाप शेजारणीच्या दारात ढकलता येतं. गावकऱ्यांनीच जहागीरदाराकडे अर्ज केला, "चेटकिणी हुडका, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात आम्ही उपाशी मरू."

पहिली धरली ती दूध विकणारी म्हातारी आफ्रा. एकटी, तोंडाची फटकळ. हात मागे बांधून दोराने वर ओढल्यावर तिने सगळं कबूल केलं. खाली उतरवताच म्हणाली, "खोटं बोलले." पुन्हा ओढलं, पुन्हा कबूल. मग न्यायाधीशांनी विचारलं, "टेकडीवरच्या चेटकिणींच्या नाचात आणखी कोण होतं? चाकं बनवणाऱ्या वाइटची बायको होती ना?" आफ्रा हो म्हणाली. त्या स्थितीत ती जहागीरदाराचंही नाव घेऊन गेली असती. पुढच्याच आठवड्यात तिला जाळलं.

वाइटची बायको म्हणजे कुनिगुंडे. कडाक्यानंतर बाजारात ती बोलून बसली होती, "थंडी ती थंडीच. तिला चेटकिणीचा झाडू कशाला लागतो?" ते कुणी विसरलं नव्हतं. आणखी दोघींनी दोराला लटकताना तिचं नाव घेतलं आणि तिला बुरुजातल्या कोठडीत टाकलं.

पहिल्या चौकशीत न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, एक मेच्या आदल्या रात्री, चेटकिणी नाचायला जमतात तेव्हा, तू टेकडीवर होतीस?"

"मी पाववाल्याच्या बायकोजवळ होते, साहेब. तिला कळा येत होत्या. मी तिची पाठ धरून बसले होते. चौघी बायका सांगतील."

चौघींनी शपथेवर सांगितलंही. न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "सैतान लबाड आहे. तो तुझं सोंग तिथे ठेवतो आणि तुला टेकडीवर नेतो. मुकाट्याने कबूल हो, नाहीतर दोर आहेच."

कुनिगुंडेच्या मनात आलं: खरं बोलूनही सुटका नसेल, तर माणसाने बोलायचं तरी काय?

वाइट मात्र स्वस्थ बसला नाही. तो शहरातल्या वकिलाकडे गेला. साम्राज्याच्या कायद्यात होतं, की संशय असेल तर कनिष्ठ न्यायालयाने खटल्याचे कागद विद्यापीठातल्या कायदेपंडितांकडे पाठवून सल्ला घ्यावा. त्याआधी यातना देऊ नयेत. वकिलाने तसा अर्ज दिला. न्यायाधीशांना आपल्या कागदांची एवढी खात्री होती की त्यांनी हरकत घेतली नाही. कारकुनाने गठ्ठा बांधला आणि घोडेस्वार गेला.

अकरा आठवडे. कोठडीत बुरशी, पातळ लापशी, आणि शेजारच्या तिघी बायकांचा खोकला. त्यांचेही खटले त्याच सल्ल्यासाठी अडले होते. बुरुजाच्या रखवालदाराची बायको उर्सेल कधी कांदा आणायची, कधी फक्त शिव्या द्यायची.

"कुनी, तुझा नवरा खाली उभा आहे. मरेपर्यंत हटणार नाही म्हणतो."

"मग मी तरी का हटू? मरेपर्यंत कबूल होणार नाही."

एका गुरुवारी दुपारी तिला कचेरीत नेलं. वाइट भिंतीला टेकून उभा होता. कारकुनाने सल्ला वाचायला घेतला. त्याचा आवाज वाचता वाचता बारीक होत गेला.

पंडितांनी लिहिलं होतं: प्रश्नातच नाव घालून विचारणं कायद्याला धरून नाही, अशा उत्तराला किंमत नाही. आणि न्यायालय स्वतःच म्हणतं, की सैतान बाळंतिणीच्या खाटेजवळ कुणाचंही सोंग उभं करू शकतो. मग टेकडीवरच्या नाचातही तो निरपराध बाईचं सोंग उभं करू शकतो. तेव्हा तिथे अमकी दिसली, एवढ्यावरून यातना देता येत नाहीत. चारही बायकांना सोडावं.

न्यायाधीशांनी कागद स्वतः हातात घेतला, पुन्हा वाचला. मग नुसतं म्हणाले, "सोडा."

सुटकेआधी तिला शपथ घ्यावी लागली: झाल्याचा सूड घेणार नाही, न्यायालयाविरुद्ध दाद मागणार नाही. बोटं वर करून ती भरभर बोलून गेली. तिला बाहेरचं ऊन हवं होतं, बाकी काही नाही.

पायऱ्या ती एकेक करून उतरू लागली. वाइटने दंड धरला. "हळू, कुनी."

"त्यांचा सैतान त्यांच्याच अंगावर उलटला रे," असं म्हणता म्हणता तिला एकदम हसू फुटलं. अकरा आठवड्यांत पहिल्यांदा. डोळ्यांतून पाणी येईतो ती हसली.

"अगं, हळू! लोक बघतायत."

"बघू देत."

मागून त्या तिघी एकमेकींना धरून बाहेर आल्या. कोपऱ्यावर नासपतीची गाडी उभी होती. गाडीवाल्याने मान खाली घातली. चेटकिणी हुडकण्याच्या अर्जावर त्याचाही अंगठा होता. कुनिगुंडेने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं, न विचारता चार पिकलेली फळं उचलली, तिघींना एकेक दिली आणि चौथ्यात दात रोवले. रस हनुवटीवरून ओघळला. वाइट आपल्या बाहीने तो पुसू लागला.