उंची कुठं थांबते

वेल्ह्यातल्या पोषण बैठकीत पुण्याहून आलेले साहेब मला म्हणाले, "डॉक्टर, जगातली सगळ्यात उंच माणसं नेदरलँड्समध्ये, तिथंसुद्धा उंची वाढायची थांबलीय. मग अंगणवाडीतल्या अंड्यांवर खर्च कशाला?"

माझं डोकंच फिरलं. सकाळीच मी गीताबाई आणि त्यांची कॉलेजात जाणारी लेक शुभांगी यांची उंची मोजली होती. आई लेकीच्या कानापर्यंतच पोचत होती. "आमच्या हिला अंगणवाडीत खायला मिळालं, मला कुठं व्हतं?" गीताबाई म्हणाल्या होत्या.

मी म्हणाले, "साहेब, तिथल्या पोरांना कित्येक पिढ्या पोटभर खायला मिळालं, शुद्ध पाणी मिळालं, सारखे जुलाब-ताप राहिले नाहीत. अंगात होती तेवढी उंची जवळपास सगळी निघाली, म्हणून थांबली. आमच्या पोरांची अजून निघायचीय."

"आपली माणसं मुळातच बुटकी हो!"

मघाशी चहा पिताना याच साहेबांनी मोबाईलवर मुलाचा फोटो दाखवला होता. मुलगा बापापेक्षा वीतभर उंच.

"तुमच्या मुलाचं मूळ वेगळं आहे का?" मी विचारलं.

साहेबांनी मोबाईल खिशात सरकवला.

"तिथली उंची पोट भरल्यावर थांबली. इथली तुम्ही ताट ओढून थांबवताय."