मे महिन्याचा उंचवटा

घोडपदेवच्या चाळीत कौसल्या मावशीने मार्चअखेरीस जाहीर केलं, की रविवारी फ्रिज भंगारात जाणार. तिच्या नवऱ्याचा, नानांचा जीव अडकला होता त्यात. पेपर वाचताना ते त्यालाच टेकून बसत.

"हाच वीज खातो. बघ," म्हणत मावशीने मला वीजबिलाच्या ॲपचा स्क्रीनशॉट पाठवला. दोन वर्षांचे युनिट. दर महिन्याला एकशेवीसच्या आसपास, आणि दोन्ही वर्षी मेच्या बिलात थेट दोनशेसाठ.

मी तिच्या घरीच गेलो. "मावशी, फ्रिज काय वर्षातून एकदाच जेवतो?"

"उन्हाळा असतो रे."

"मग जूनच्या बिलात मे महिन्याचं ऊन कुठे गेलं? ते तर एकशेतीसच आहे." मी स्क्रीनशॉट मोठा केला. "मेचं बिल म्हणजे आठ एप्रिल ते आठ मे. मधे काय येतं?"

नानांनी पेपर तोंडावर धरला. उलटा.

"चौदा एप्रिल," मावशी हळूच म्हणाली. "नाना! गल्लीच्या जयंतीची रोषणाई आपल्या मीटरवर?"

"गॅलरीतलाच प्लग जवळ पडतो," पेपरामागून आवाज आला.

"यंदाही तेच असेल, तर येत्या मेच्या बिलात दोनशेसाठ धरा," मी म्हणालो. "आणि वरच्या युनिटचा दर चढा, म्हणून रक्कम दुपटीच्याही वर."

मावशीने फ्रिजवरची धूळ पदराने पुसली. त्याची माफी मागत असावी.

"तुझा अंदाज चुकला," ती म्हणाली. "तीनशे धर. यंदा कमानही लावू."