दुखणं उतरलं

वेरोनिका तळाशीलला गेली होती ती एका बाळंतपणाला. १९५६ सालचा नोव्हेंबर होता, समुद्र शांत होता आणि होडी मालवणहून तासाभरात वाळूला लागली होती. मुंबईच्या इस्पितळात पाच वर्षं नर्सचं काम करून ती परत गावी आली होती. मालवणात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात होती आणि आसपासच्या वाड्यांवर बाळंतपणाला जायची. सगळे तिला नुसतं ‘बाय’ म्हणत.

बाळंतपण नीट झालं. मुलगी झाली. हात धुऊन ती पेटी आवरत होती, तेवढ्यात शेजारच्या घरातली तुळसा दारात येऊन उभी राहिली.

“बाय, घोवाक वायच बघशात? सकाळी रापण ओढताना पोटात दुखूक लागला. तो कधी झोपान रवणारो नाय.”

तिचा नवरा सत्यवान सव्वीस वर्षांचा होता. रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, दोर ओढणाऱ्यांत सगळ्यांत पुढे असायचा. तो ओसरीवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. उशाला त्याची आई यमुनाबाई बसली होती. चुलीवर सरंगा माशाची कढी होती आणि त्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आईला त्याचंच नवल वाटत होतं.

“खंय दुखता रे? बोट लावून दाखव.”

सत्यवानाने बोट लावलं नाही. पंजा बेंबीभोवती गोल फिरवला. “हंय सगळीकडे. बोट लावूक येणा नाय. मधीच पीळ पडता, मधीच कमी होता.”

“ओकलंस?”

“दोनदा. आधी दुखूक लागला, मगे ओकलंय.”

वेरोनिकाच्या डोक्यात अपेंडिक्सचा विचार आला नाही असं नाही. मुंबईच्या वॉर्डात तिने असे कितीतरी रोगी पाहिले होते. पण ते सगळे शस्त्रक्रियेच्या आधीच्या तासातले. उजवीकडे खाली बोट लावलं की किंचाळणारे. म्हणून तिने मुद्दाम उजवीकडे खाली, कमरेच्या हाडाच्या आत दाबून पाहिलं. पोट मऊ होतं. सत्यवानाने डोळेही मिटले नाहीत.

“हंय दुखता?”

“नाय.”

तिचा जीव निवांत झाला. पोट बिघडलं असेल, ती म्हणाली. पेटीतलं पोटातली कळ थांबवण्याचं औषध दोन वेळचं दिलं आणि आज काही खाऊ नको म्हणून सांगितलं. “उद्या कमी झाला नाय तर माका निरोप धाडा,” एवढं बोलून ती होडीत बसली. एरंडेल देऊ नका हे सांगायला हवं होतं. ते राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या पायरीवर हिरा भेटली. हिरा तळाशीलची, रोज मासळीची पाटी घेऊन मालवणच्या बाजारात यायची. त्या दिवशी बांगडा भरपूर होता, गिऱ्हाइकं खोळंबली होती, ती चालता चालताच बोलली.

“बाय, तुळसान सांगूक सांगल्यान. सत्याचा दुखणा रातीच उतारला.”

“देव पावलो. ताप?”

“वायच आसा.”

“तोय उतारतलो. पातळ पेज दी म्हणान सांग.”

हिरा गेली. वेरोनिकाने दिवसभर ड्रेसिंगं केली, दोन मुलांना देवी टोचल्या आणि सत्यवानाची तिला पुन्हा आठवण झाली नाही.

तुळसाने सांगितलेलं सगळं असं होतं: दुखणं बेंबीकडून खाली उजव्या कुशीत उतरलं, आता तिथेच बोट ठेवून दाखवतो, हात लावू देत नाही, खोकला तरी कळवळतो. हिराच्या पाटीबरोबर सहा मैल येता येता त्यातलं ‘उतरलं’ एवढंच शिल्लक राहिलं होतं. हिराच्या मनात काहीच वाईट नव्हतं. आणि ताप उतरतो, सूज उतरते, तसं दुखणं उतरलं, हेच वेरोनिकालाही ऐकायचं होतं.

दुपारी हिरा परतली आणि म्हणाली, “बाय म्हणाली, देव पावलो. पेज दिवक सांगल्यान.” तुळसाला ते पटलं नव्हतं. सत्यवान उजवा पाय सरळ करत नव्हता. पण बाय मुंबईला शिकलेली. तिने ऐकून तसं सांगितलं असेल तर त्यात काहीतरी असेल. यमुनाबाईने आदल्या रात्री एरंडेल पाजलं होतं, त्याने पोट साफ झालं, कळा मात्र वाढल्या. आता तिने विटेचा शेक दिला. त्याला तो सहन झाला नाही.

गुरुवारी सकाळी उन्हं वर आली तेव्हा सत्यवान आपणहून उठून बसला.

“आये, दुखणा गेला गो. एकदम गेला. वायच पेज दी.”

यमुनाबाई रडायला लागली. तुळसाने वाटीत पेज ओतली, तो अर्धी वाटी प्यायला आणि भिंतीला टेकून हसला. रापण आज किती वाजता लावणार म्हणून विचारलं. यमुनाबाई शेजारच्या घरी जाऊन सांगून आली की पोरगा वाचला.

तास दीड तास तसा गेला. मग त्याला हुडहुडी भरली. अंगावर दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत होते. दुपारपर्यंत सगळं पोट फुगून फळीसारखं कडक झालं, आणि आता ते कुठे एका जागी दुखत नव्हतं, सगळीकडेच दुखत होतं. श्वास घेताना पोट हलत नव्हतं. तुळसाने कोणाला विचारलं नाही. किनाऱ्यावर गेली, होडी पाण्यात लोटायला लावली आणि नवऱ्याला फळीवर घालून घेऊन निघाली. लाटेवर होडी आपटली की तो ओठ चावायचा. आवाज काढायचा नाही, कारण आवाज काढायलाही पोट लागतं.

दवाखान्यात वेरोनिकाने त्याचा चेहरा पाहिला. डोळे आत गेले होते, नाक टोकदार झालं होतं. नाडी एकशे चाळीसच्या वर. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि लगेच उचलला.

“सकाळी एकाएकी बरं वाटलं होतं ना?” त्यांनी तुळसाला विचारलं.

“होय. गेला म्हणालो.”

डॉक्टर वेरोनिकाकडे वळले. “फुटलं,” एवढंच म्हणाले.

“पण काल मला निरोप आला,” ती म्हणाली, “दुखणं उतरलं म्हणून.”

“खंय उतारला ता विचारलंस तू?” तुळसा म्हणाली. “उजव्या कुशीत उतारला म्हणान सांगलेला मी.”

वेरोनिकाच्या हातात पेनिसिलिनची सुई होती. ती तिने दिली, कारण ती द्यायचीच होती.

मालवणात पोट उघडणं शक्य नव्हतं. डॉक्टरांच्या ओळखीचा सर्जन बेळगावला होता. एका व्यापाऱ्याने गाडी दिली. मागच्या सीटवर सत्यवानाचं डोकं तुळसाच्या मांडीवर, पाय वेरोनिकाच्या. कसाल, कुडाळ, सावंतवाडी, मग आंबोलीचा घाट. प्रत्येक खड्ड्याला दोघी त्याला धरत. घाटात कुठेतरी त्याला ओळख राहिली नाही. तो दोर ओढल्यासारखे हात करू लागला. शुक्रवारी पहाटे त्याला टेबलावर घेतलं.

सर्जन बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक लहान बशी होती. नर्स आहे म्हणून त्याने ती वेरोनिकाला दाखवली. बोटाएवढी नळी, काळी पडलेली, तळाशी भोक. शेजारी एक खडा, तुरीच्या दाण्याएवढा, घट्ट झालेल्या मळाचा.

“हा बसला तोंडाशी,” तो म्हणाला. “नळीला आतून रोज थोडा पाझर असतो, त्याला वाट राहिली नाही. नळी फुगली. फुगली की तिच्या शिरा दाबल्या जातात, रक्त परत फिरत नाही, भिंत मरायला लागते आणि आतले जंतू वाढतात. शेवटी कुजून फुटते. फुटली की आतला दाब जातो. रोग्याला वाटतं, सुटलो. पू मात्र सगळ्या पोटात गेलेला असतो.”

“मी पहिल्या दिवशी दुपारी उजवीकडे दाबलं होतं. दुखत नव्हतं.”

सर्जन दमला होता, पण त्याने उत्तर दिलं.

“तेव्हा दुखलं नसतंच. आतड्याच्या नसांना जागा नीट सांगता येत नाही. नळी ताणली की तिची ओरड पाठीच्या कण्यात ज्या मणक्याच्या पातळीला पोचते, बेंबीच्या कातडीच्या नसाही तिथेच येतात. म्हणून बेंबीभोवती दुखल्यासारखं वाटतं. ते दुखणं मोघम असतं, बोट लावता येत नाही. पुढे सूज नळीच्या बाहेर येते, पोटाच्या भिंतीच्या आतल्या अस्तराला लागते. त्या अस्तराच्या नसा कातडीसारख्या असतात, नेमकी जागा सांगतात. मग दुखणं उजवीकडे खाली जातं. सगळ्यांचं असंच जातं असं नाही, पण बहुतेकांचं जातं. ते खाली गेलं तेव्हाच आणलं असतं...”

तो थांबला. तिचा चेहरा पाहून थांबला असावा.

सत्यवान तीन दिवस जगला. पोटात नळ्या घातल्या होत्या, सलाईन होतं, पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन होतं. रविवारी दुपारी त्याला थोडी ओळख आली. “तुळसा, आयेक सांग,” असं म्हणाला. काय सांग, ते म्हणाला नाही. सोमवारी सकाळी गेला.

एवढ्या लांबून त्याला परत नेणं जमणारं नव्हतं. तिथल्याच स्मशानात उरकलं. तुळसाच्या माहेरचं, सासरचं तिथे कोणी नव्हतं. अग्नी इस्पितळातल्या एका वॉर्डबॉयने दिला. त्याला तुळसाने हात जोडले. मग ती भिंतीच्या सावलीला जाऊन बसली आणि वेरोनिका तिच्यापासून हातभर अंतरावर बसली.

तुळसा बोलली. आवाजात राग नव्हता. राग असता तर वेरोनिकाला बरं वाटलं असतं.

“तू पयलो हात लावलंस, तेव्हा तुका कळूक नाय?”

“नाय कळला. तेव्हा ता कळण्यासारखा नव्हता.”

“आणि दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्या दिवशी कळला असता. मी विचारूक होया होता. खंय उतारला, येवढाच.”

तुळसाने मान हलवली. कुणी दर सांगितला आणि आपण ऐकला, तशी.

“हिराक सांगा नको,” ती म्हणाली. “ती मरात.”

दोघी बसने परतल्या. मालवणात डॉक्टर भेटले. त्यांनी वेरोनिकाला आठ दिवस घरी राहायला सांगितलं. ती म्हणाली, आधी तळाशीलला जाऊन येते.

होडी वाळूला लागली तेव्हा रापण ओढणं चालू होतं. माणसांनी दोर तसाच धरून मान वळवली. ओळीत पुढची जागा दुसऱ्या कोणी घेतली होती. तुळसा पाण्यात उतरली, लुगडं भिजलं तरी तिने ते आवरलं नाही.

यमुनाबाई घरातून धावत आली होती, डोक्यावरचा पदरही नीट नव्हता. मालवणहून कोणी पुढे येऊन तिला काही सांगितलं नव्हतं. तिने सुनेकडे पाहिलं, मग वेरोनिकाकडे. मग होडीकडे गेली, काठावर हात ठेवला आणि आत वाकून पाहिलं.

“गो बाय,” ती म्हणाली, “सत्या खंय आसा?”

तुळसा वाळूत खाली बसली. सांगायचं वेरोनिकाला होतं, आणि ती सांगायला लागली.