वेळ उरला तर पिशोर

मंजुषाताईंची चिठ्ठी आली की मी फक्त वेळा आणि पत्ते बघतो. कोणाला कुठून घ्यायचं एवढं कळलं की ड्रायव्हरचं भागतं. पुढचं सगळं गाडीत बसलेली माणसं सांगतातच, तेही सगळी एकदम आणि वेगवेगळं.

पण ताई शाळेत गणित शिकवतात. त्यांच्या चिठ्ठीला आकडे असतात, कंस असतात. दिवाळीच्या सुट्टीतल्या सहलीसाठी व्हॉट्सॲपवर आलेली ही त्यांची मला तिसरी चिठ्ठी, तिसऱ्या सहलीची:

*बिभीषणभाऊ, मंगळवारचा कार्यक्रम.*
*१) ६.०० चिकलठाणा, मोठ्या दिरांचं घर. सासूबाई. (पुढच्या सीटवर. गुडघे.)*
*२) ६.३० गारखेडा. मी आणि प्रांजली. (हॉर्न नको, फोन करा.)*
*३) ७.१५ वाळूज. कृष्णा. थर्ड शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीजवळ.*
*४) तिथून करोडी-शरणापूर मार्गे वेरूळ. परत शहरात शिरू नये.*
*५) ८.४५ घृष्णेश्वर दर्शन, नाश्ता.*
*६) १०.०० ते २.०० लेणी. (सोमवारी बंद असतात, म्हणून मंगळवार ठरवला.)*
*७) २.०० जेवण. ३.३० भद्रा मारुती. ४.३० दौलताबाद. ७.०० घरी.*
*वेळ उरला तर पिशोर.*

चिकलठाण्याला मी पावणेसहालाच पोचलो. ताईंच्या सासूबाई, सारजाबाई, तयार व्हायच्या होत्या, म्हणून गाडीत बसून पहिल्यांदाच चिठ्ठी शेवटपर्यंत वाचली आणि सहाव्या आकड्यावर अडकलो. सोमवारी बंद असतात ती अजिंठ्याची लेणी. वेरूळ मंगळवारी बंद. परगावचे लोक आधी चौकशी करतात. आपल्या गावचे लोक मात्र कधी विचारत नाहीत, कारण वेरूळ तर घरचंच.

गारखेड्याला गेल्या गेल्या ताईंना सांगायचं, असं मी ठरवलं. एवढ्यात सारजाबाई आल्या. मांडीवर कापडी पिशवी आणि अंगावर ठेवणीतलं लुगडं. गाडी जालना रोडला लागल्यावर म्हणाल्या, "बिभीषण, चिठ्ठीत पिशोर हाय का रं?"

"हाय की आजी."

"कितवं?"

मी जरा घुटमळलो. "शेवटी हाय. वेळ उरला तर, असं लिव्हलंय."

"मागच्या दोन टायमाला बी तसंच लिव्हलं व्हतं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि मला तेच लागलं. "माझी थोरली बहीण हाय तिथं, आशाबाई. खुब्याचं हाड मोडल्यापून तिला गावाभाईर जाता येईना. तीन वर्सं झाली, तोंड बघितलं नाय एकमेकींचं. फोनवर ऐकू येत नाय तिला, मीच वरडते."

"कृष्णादादाला सांगा ना."

"लेकराला आठवड्यातनं एक सुट्टी. त्याला काय सांगू? आन सून काय वाईट नाय. ती समदं मांडून करती, फकस्त आमचं शेवटी मांडती."

आता खरं सांगतो. पिशोर आहे वेरूळच्या पुढं, कन्नड ओलांडून. आणि भद्रा मारुती, दौलताबाद ही ठिकाणं वेरूळहून घराकडं परततानाची. म्हणजे दौलताबादला पोचल्यावर कितीही वेळ उरला, तरी पिशोरला जायला कोणी पन्नास-साठ किलोमीटर उलटं वळत नाही. त्या ओळीला काही अर्थच नव्हता. गणिताच्या बाईंना हे कळत नसेल असं मला वाटत नाही. कळून घ्यायला कोणाला सवड नव्हती, एवढंच.

गारखेडा आलं. हॉर्न न वाजवता फोन केला. ताई आणि प्रांजली डबे, पाण्याच्या बाटल्या, टोप्या घेऊन उतरल्या. मी डिकी उघडून दिली. सांगायची वेळ हीच होती. सांगितलं असतं तर ताईंनी उभ्या उभ्या दिवस बदलला असता किंवा नवी चिठ्ठी केली असती, आणि तिच्यातही पिशोर खालीच गेलं असतं. मी तोंड मिटून गाडी सुरू केली. बारा वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकापासून असं काही लपवायची ही पहिलीच वेळ.

वाळूजला कृष्णादादा टपरीवर चहा घेऊन उभेच होते. मागच्या सीटवर बसले आणि शरणापूर यायच्या आत घोरायला लागले. घृष्णेश्वराचं दर्शन झालं, भजी झाली. दहाला पाच कमी असताना मी गाडी लेण्यांच्या गेटसमोर उभी केली. गेटला कुलूप होतं.

"बंद?" ताई चष्मा वर करून पाटी वाचायला लागल्या. "मंगळवारी? आई गं! मी सोमवार समजत होते."

"आई, तू गणिताची ना?" प्रांजली म्हणाली.

"गप गं." ताईंनी फोन काढला, चिठ्ठी उघडली. चार तासांचं भगदाड पडलं होतं आणि ते कशानं भरावं हे कळेना. कृष्णादादा जागे होऊन म्हणाले, "चला मग घरी, झोपतो मी." सारजाबाई समोरच्या काचेतून बघत बसल्या होत्या. पिशवीचा बंद मात्र त्यांनी मुठीत आवळला होता.

"ताई," मी म्हणालो, "चिठ्ठीतलं एक ठिकाण इथनं सव्वा तासावर हाय. वेळ तर उरलाय."

मग ताई सासूबाईंकडं बघून म्हणाल्या, "जायचं का आई?"

"तुमाला वाटलं तर," सारजाबाई म्हणाल्या. आवाज असा कापरा होता की कृष्णादादा ताठ बसले आणि मला म्हणाले, "घे रे गाडी."

गल्ले बोरगाव, हतनूर, कन्नड. पिशोरला आशाबाईंच्या अंगणात गाडी थांबली तेव्हा त्या काठी टेकत दारातच उभ्या होत्या. कोणी हात धरायच्या आत सारजाबाई उतरल्या. आपले गुडघे दुखतात हे त्या साफ विसरल्या असाव्यात. दोघी रडल्या, मग एकमेकींच्या पांढऱ्या केसांवरून हसल्या, मग पुन्हा रडल्या.

ताई माझ्याजवळ आल्या. "भाऊ, तुम्हाला मंगळवारचं माहीत होतं ना?"

"व्हय ताई. सकाळीच कळलं. चुकलं माझं."

"मला सांगायला पाहिजे होतं," त्या करड्या आवाजात म्हणाल्या. बरोबर होतं त्यांचं. मी मान खाली घातली.

तेवढ्यात आतून हाक आली. स्वयंपाक तयार होता. येसराची आमटी, टोपलंभर बाजरीच्या भाकरी, ठेचा, गव्हाची खीर, आणि ओळीनं मांडलेले सहा पाट. ताई चकित झाल्या. "मावशी, आम्ही येणार हे तुम्हाला कसं कळलं? आमचं तर आत्ता ठरलं."

"सारजीचा फोन आल्ता काल," आशाबाई म्हणाल्या. "येऊ म्हनली, आन डायवर धरून पाच जणं. मागल्या दोन टायमाला बी आल्ता. दोन्ही टायमाला रांधून बसले बाई, दिवेलागणीपस्तोर. मग गल्लीत वाटलं. म्हनलं, तिसऱ्यांदा तर येतील."

ताई तिथंच भिंतीला टेकून खाली बसल्या. कृष्णादादा हात धुवायचा तांब्या हातात धरून तसेच उभे राहिले. आशाबाईंनी मलाही पाटावर बसवलं आणि माझ्या ताटात भाकरी वाढली.

मागच्या दोन्ही वेळा आम्ही कन्नडपर्यंत आलो होतो. एकदा पितळखोरा, एकदा गौताळा. दोन्ही वेळा कन्नडच्या चौकात उजेड उतरताना गाडी घराकडं मीच वळवली होती, आणि वेळेत पोचवलं म्हणून ताईंनी माझं कौतुकही केलं होतं. समोर भाकरी वाफाळत होती. "जेव बाबा," आशाबाई म्हणाल्या, "लांबनं आलास." माझ्याच्यानं वर बघवेना.