विहीणबाईंचे वजन आणि परांचीची फळी

शुभंकर सोसायटीतील रहिवाशांची सुरक्षिततेवरील निष्ठा वादातीत होती. प्रत्येकाचे म्हणणे एवढेच की, ती शेजाऱ्याच्या खिडकीतून राबवावी.

अनंत चतुर्दशीच्या आदल्या सकाळी तनुजा केंजळे समोरच्या पदपथावर उभी राहून इमारतीकडे पाहत होती. नारायण पेठेतल्या त्या सात मजली इमारतीच्या रंगकामासाठी लोखंडी पाइपांची परांची उभी होती आणि ती सुरक्षित असल्याची सही स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून तनुजाने केली होती. परांची पायांवर उभी असते, हा सज्जनांचा समज. पाय फक्त वजन पेलतात. एवढ्या उंच, एवढ्या अरुंद सांगाड्याला इमारतीपासून सुटून रस्त्यावर येऊ न देण्याचे काम टाय, म्हणजे तिला इमारतीशी जखडणारे आडवे पाइप, करतात. साध्या परांचीला तीस-बत्तीस चौरस मीटरमागे एक टाय पुरतो. धुळीसाठी विरळ हिरवी जाळी लावली, तरी वारा अडतो, म्हणून तनुजाने ते वीस चौरस मीटरमागे एक असे, दर चार मीटर उंचीवर लावून घेतले होते. नव्या गिलाव्याला भोक पाडायला कमिटीने मनाई केल्यामुळे प्रत्येक टाय खिडकीतून आत जाई आणि आतल्या भिंतीला टेकलेल्या आडव्या पाइपाला काटकोनी क्लॅम्पने जखडला जाई.

आज जवळजवळ निम्म्या खिडक्या बंद होत्या.

"युसूफभाई, टाय कुठे गेले?"

युसूफ तांबोळी हे परांचीचे ठेकेदार. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "मॅडम, काल माझी माणसं जेवायला बसली, तेवढ्यात गेले. चोरी म्हणावी, तर पाइप जिन्यात नीट रचून ठेवलेत."

दुसऱ्या मजल्यावर सुहासिनी बर्वे यांनी दार उघडले आणि गुन्हा तात्काळ कबूल केला; त्यांच्या दृष्टीने तो गुन्हा नव्हताच.

"एसी लावायचा होता. खिडकी उघडी ठेवून मी काय पेठ गार करू?"

"काकू, काढला कोणी?"

"मीच. घरात पाना आहे. आणि मी बेजबाबदार नाही हं. त्याऐवजी परांची ग्रिलला नायलॉनच्या दोरीने बांधली आहे."

"ग्रिल कशाला बांधलंय?"

"भिंतीला."

"कशाने?"

"स्क्रूने. चार आहेत. यांनी स्वतः निवडून आणले होते."

दिवंगत बर्व्यांच्या निवडीविषयी तनुजाने मौन पाळले. त्यानंतर ज्या ज्या दारावर तिने टकटक केली, तिथे तिला एकच वाक्य ऐकू आले: आम्ही फक्त आमचा एकच काढला. लोकशाहीचे एवढे निर्दोष प्रात्यक्षिक तिने पूर्वी पाहिले नव्हते.

चौथ्या मजल्यावर अध्यक्ष सर्जेराव पायगुडे यांनी तर तिचे स्वागतच केले. "बरं झालं आलात. उद्या मिरवणूक. आमच्या विहीणबाई पहिल्यांदाच येतायत. गॅलरीतून बघू म्हणतो."

"आपल्याला गॅलरी नाही."

"ही काय!" सर्जेरावांनी खिडकीबाहेरच्या फळ्यांकडे बोट दाखवले. "सगळ्यांनी आपापले पाहुणे बोलावलेत. प्रत्येक मजल्यावर ओळीनं उभे राहतील. खुर्च्यासुद्धा सांगितल्यात."

तनुजाने खिडकीतून वाकून पाहिले. खाली रस्त्यावर उद्या ढोलपथके असतील आणि त्यांच्या मागे-पुढे माणसांची भिंत. निम्म्या टायांवरची परांची कुठे पडेल, याला एकच दिशा होती.

"अहो, ही कामाची परांची आहे. चौरस मीटरला दोनशे किलो, तेही एका वेळी एकाच मजल्यावर. दोन खांबांमधल्या फळीवर फार तर सहा माणसं, तीही स्वस्थ उभी. ढोल वाजल्यावर कोण स्वस्थ उभं राहतं? भार फळीवरून आडव्या पाइपावर, तिथून क्लॅम्पवर जातो. नीट आवळलेला क्लॅम्प सहाशे किलोच्या आसपास धरतो. त्यापुढे तो तुटून सूचना देत नाही, पाइपावरून घसरतो."

"रंगारी चढतात की रोज!"

"दोघे चढतात. बादली घेऊन."

"मग आम्ही बादली नेत नाही," सर्जेराव उदारपणे म्हणाले.

जिन्यात युसूफभाई हळूच म्हणाले, "फळ्या काढून टाकू का?"

"आत्ता काढल्या तर हे लोक इस्त्रीची टेबलं टाकतील, आणि टायांना खिडकी कोणी उघडणार नाही. आधी टाय."

तिला ठाऊक होते की, या पेठेत नकार म्हणजे चर्चेचे निमंत्रण. तेव्हा तिने नकार दिलाच नाही. पार्किंगमध्ये सगळ्यांना जमवून ती म्हणाली, "सगळे टाय पूर्ववत झाले, तर फळीवर कोण उभं राहील याचं बोलू. एकही कमी असला, तर बोलणंच नाही."

सोसायटीच्या इतिहासात कोणताही ठराव इतक्या वेगाने अमलात आला नव्हता. एसी बंद झाले, खिडक्या उघडल्या, सोफे सरकले. युसूफभाईंची माणसे क्लॅम्प आवळत असताना प्रत्येक घर शेजारच्या खिडकीवर डोळा ठेवून होते. सुहासिनीबाईंनी तर वरच्या मजल्यावर जाऊन, "अहो, तुमचा नट ढिला वाटतोय," असेही सुनावले. तनुजाने प्रत्येक क्लॅम्प स्वतः पान्याने तपासला आणि ग्रिलची दोरी कापून बाईंना परत केली.

मग तिने कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याचा मोठा काटा पार्किंगच्या मध्यभागी आणवला.

"हे काय?" सर्जेरावांनी विचारले.

"बोलू म्हटलं होतं ना? मर्यादा माणसांची नाही, वजनाची आहे. त्यामुळे उद्या प्रत्येक पाहुण्याचं वजन इथे, सगळ्यांदेखत. अंदाजावर मी एकालाही फळीकडे जाऊ देणार नाही. सुरुवात आपल्या विहीणबाईंपासून करू."

सर्जेरावांचा चेहरा उतरला. मुलीच्या लग्नात मानाची साडी एक हात कमी भरली म्हणून ज्या विहिणीने वर्षभर अबोला धरला होता, तिला रद्दीच्या काट्यावर उभे करण्याचे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे तरळले.

"मुक्ताबाईंना… काट्यावर?"

"मापात बसल्या, तर पुढचं पाहू."

"मी तयार आहे," सुहासिनीबाई पुढे सरसावल्या. "माझं वजन लग्नापासून तेच आहे."

"कोणाच्या लग्नापासून?" मागून कोणीतरी म्हणाले.

बाई काट्यापर्यंत आल्या, जमलेल्या माना पुढे झुकलेल्या पाहिल्या आणि गॅसवर दूध ठेवल्याचे त्यांना एकाएकी आठवले. त्यांच्यामागून इतरांचीही दुधे उतू जाऊ लागली. पार्किंग रिकामे झाले. ज्या मंडळींना एवढ्या माणसांच्या मरणाचे गणित पटले नव्हते, त्यांना एका विहिणीच्या रुसव्याचे गणित तोंडी आले होते. तनुजाला हसू आले आणि मग त्या हसण्याचाच संताप आला.

"आता काढा फळ्या," ती युसूफभाईंना म्हणाली. "शिड्यासुद्धा." कोणीही हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक सोसायटीसमोर आली, तेव्हा तनुजा आणि युसूफभाई रस्त्याच्या कडेला उभे होते. ढोलांनी काचा थरथरत होत्या. परांची इमारतीला घट्ट धरून होती. चौथ्या मजल्याच्या खिडकीत मुक्ताबाई टायाच्या पाइपाला धरून, वाकून, गणपती पाहत होत्या. "हा आधार आम्ही तुमच्यासाठी मुद्दाम बसवून घेतलाय," हे सर्जेरावांचे वाक्य ढोलांच्या एका उसंतीत खालपर्यंत ऐकू आले.

"मॅडम," युसूफभाईंनी दुसऱ्या मजल्याकडे मान वळवली, "बर्वेबाईंनी टायावर टॉवेल वाळत घातलाय."

तनुजाने वर पाहिले.

"ओला आहे?"

"ठिबकतोय."

तिने क्षणभर हिशेब केला.

"असू दे," ती म्हणाली. "पण दुसरा घालू नका म्हणावं. दुसऱ्याला जागा कमी पडली की त्या पाना काढतात."