निरोपाच्या मेलमधला तिसरा परिच्छेद

तपासणी प्रयोगशाळेचे भांडारप्रमुख त्या दिवशी निवृत्त व्हायचे होते. सगळे त्यांना काका म्हणत. चार वाजता हॉलमध्ये निरोपसमारंभ होता आणि साडेपाचला त्यांचं मेलखातं बंद होणार होतं. पत्रव्यवहार विभागातल्या मॅडमना त्यांनी सकाळीच निरोपाचा मसुदा पाठवला होता. "शुद्धलेखन तेवढं बघा, आणि जरा चारचौघांत शोभेल असं करा," एवढीच विनंती.

साडेतीनला मसुदा परत आला. बदल लाल अक्षरांत होते. 'सगळ्यांना नमस्कार'चं 'आदरणीय सहकारी' झालं होतं, दोन-चार वेलांट्या जागेवर आल्या होत्या. काका एकेक बदल मान डोलावत स्वीकारत गेले. बाजारात भाजी निवडतानाही इतके खुश ते कधी दिसले नसतील.

तिसऱ्या परिच्छेदाशी हात थबकला. त्यांनी लिहिलं होतं: 'सहा वर्षांपूर्वी शुक्रवारी संध्याकाळी फरशी पुसायच्या मशीनला सॉकेट हवं म्हणून शीतपेटीचा प्लग मी काढला आणि परत लावायचा विसरलो. सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन तो गुपचूप लावला. नमुने वितळले. तपासणीतल्या ताईंनी त्या शुक्रवारी पाच वाजता, प्लग निघण्याआधी, लिहिलेलं तापमान खरं होतं. खोटी नोंद केल्याचा ठपका त्यांच्यावर आला, तेव्हा मी गप्प बसलो.' त्यावर लाल रेघ मारून मॅडमनी लिहिलं होतं: 'कळत-नकळत कुणाचे मन दुखावले असल्यास मोठ्या मनाने क्षमा करावी.'

काकांनी फोन लावला. "मॅडम, तिसरा परिच्छेद..."

"तुमच्या भल्याचंच केलं हो. लोक फुलं घेऊन बसलेत आणि तुम्ही पंचनामा वाचायला देणार? वरचे साहेबही वाचतात."

"पण ते खरं आहे."

"खरं असेल. शोभतंय का, एवढंच मी बघते. तुम्हीच म्हणालात ना, चारचौघांत शोभेल असं?"

फोन ठेवला आणि काकांना जाणवलं की आपल्याला बरं वाटतंय. हेच त्यांना खुपलं. माणूस दार उघडायला घाबरतो तेव्हा कुणी बाहेरून कडी लावली तर उपकारच वाटतात. एक 'स्वीकारा' दाबलं की सहा वर्षांचं ओझं कळत-नकळतच्या पोत्यात जाणार होतं. ताई त्या ठपक्यानंतर तपासणीतून नमुने घेण्याच्या खिडकीवर गेल्या. त्यांच्यामागून आलेले दोघे वरच्या पदावर चढले. आज त्याच ताईंनी फुलांची वर्गणी गोळा केली होती.

चारला पाच मिनिटं कमी असताना काकांनी त्या एका बदलावर 'नाकारा' दाबलं. बाकीचं सगळं मॅडमचं ठेवलं आणि सर्व कर्मचाऱ्यांच्या यादीला मेल पाठवून दिला.

हॉलमध्ये गेले तर खुर्च्या भरलेल्या, पण प्रत्येकाची मान फोनमध्ये. साहेब घसा साफ करत होते. टाळी कुणी वाजवायची हे कुणालाच कळेना. ताई मागच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी बोटानेच काकांना बाहेर बोलावलं.

"एकट्यात का नाही सांगितलंत?" ताईंचा आवाज बारीक झाला होता. "आता सगळे माझ्याकडे बघतायत. मी डोळे पुसून 'जाऊ द्या काका' म्हणायचं, मग तुम्ही हार घालून घरी जायचं. असंच ना?"

"ठपका सगळ्यांसमोर लागला होता, म्हणून..."

"तो कागदावर लागला होता. माझ्या सेवापुस्तकात आहे. मेल काय, उद्या कुणी उघडणारही नाही. त्यावर तुमची सही आहे का?"

काकांच्या हिशोबात कबुली दिली की खातं मिटत होतं. समोरच्याच्या वहीत ते अजून उघडंच आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"चला साहेबांच्या खोलीत," ताई म्हणाल्या. "तारीख, वेळ, प्लग, सगळं लिहा. खाली तुमची सही, साहेबांचा शेरा. साडेपाचच्या आत. उद्या तुम्ही इथले कुणी नसणार."

"आणि मला माफ..."

"ते मी नंतर बघीन. आज मला कागद हवाय."

मॅडम मागोमाग आल्या होत्या. "काका, मसुदा एकदा दाखवा, शब्द जरा..."

"नको," काका आणि ताई एकदमच म्हणाले.

हॉलमधून कुणीतरी हाक मारली, "काका, केक कापायचाय!" काकांनी वळून पाहिलं नाही. साहेबांच्या खोलीत कोरा कागद पुढ्यात ओढून त्यांनी वर तारीख घातली. ताई टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि एकेक शब्द उमटताना बघू लागल्या.